शिक्का मिळाला की येतोच!

‘पुढच्या दिवाळीला नक्की.’ हे वाक्य व्हिडिओ कॉलवर तुम्ही किती वेळा ऐकलंय? सावनेरच्या माझ्या एका मैत्रिणीनं तीनदा ऐकलं. आधी तिला वाटायचं, हा टाळतोय. पण गोष्ट तेवढी सोपी नाही, आणि तुमचंही कुणी अमेरिकेत असेल तर ती समजून घ्याच.

तो शिकायला गेला, तिथेच नोकरी लागली आणि विद्यार्थ्याचा एच-वन-बी झाला. ही मंजुरी कागदावर मिळते. त्यावर तिथे राहता येतं, कामही करता येतं. पासपोर्टवर मात्र जुना विद्यार्थी व्हिसाच असतो. देशाबाहेर पडला, की परत जायला नवा शिक्का हवा आणि त्यासाठी वकिलातीत मुलाखत. नागपुरात वकिलात नाही, म्हणजे मुंबई किंवा हैदराबाद गाठा.

म्हणून तो येत नाही. आला आणि अडकला, तर सुट्टी संपते. इथून काम करायला बऱ्याच कंपन्या परवानगी देत नाहीत, कर आणि डेटाचे नियम आडवे येतात.

ही भीती उगाच नाही. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट बहुतेकांसाठी बंद झाली. १५ डिसेंबरपासून एच-वन-बी आणि एच-फोर अर्जदारांचे सोशल मीडिया खातेही तपासायला लागले. त्यामुळे डिसेंबरच्या अनेक मुलाखती थेट मार्च २०२६ किंवा त्याहून पुढे ढकलल्या गेल्या. मैत्रिणीच्या होणाऱ्या नवऱ्याची मुलाखत त्यातच गेली. हॉल बुक, पत्रिका छापलेल्या. घरच्यांना काय सांगणार, सांगा बरं!

मग खरी अडचण आणि बहाणा ओळखायचा कसा? तारीख खरंच सरकली असेल तर नव्या तारखेचा ई-मेल येतो. तो दाखवायला सांगा. यात संशय घेणं नाही, तुमचंही आयुष्य त्या तारखेला बांधलेलं आहे. ‘बघू, सुरू आहे’ एवढंच उत्तर वर्षभर येत असेल, तर अडचण वकिलातीत नाही.

हॉल शिक्का मिळाल्यावरच ठरवा. दोन आठवड्यांच्या सुट्टीत विशेष विवाह कायद्याखाली लग्न उरकू म्हणाल, तर नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं. विधिवत लग्न केलंत तर नगर परिषदेत नोंदणी लगेच करा. बायकोच्या एच-फोरला ते प्रमाणपत्र लागतंच.

आणि हो, एच-फोरवर गेल्या गेल्या नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत जावी लागते, त्यानंतरच कामाचा परवाना मागता येतो. तेव्हा नागपुरातली नोकरी नेमकी कधी सोडायची, हेही पुढच्या कॉलवर बोलून घ्या.