नफा बावीस लाख, मग बँकेतले नऊ लाख गेले कुठे?

शेतीसाठी पाइप बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. नफा-तोटा पत्रक सांगतं की कर भरून वर्षाला २२ लाखांचा नफा झाला. बँकेची शिल्लक मात्र गेल्या मार्चअखेर १४ लाख होती, ती या मार्चअखेर ५ लाखांवर आली आहे. मालकाला वाटतं, हिशेबात कुठे तरी घोळ आहे. घोळ काहीच नाही, दोन्ही आकडे खरे आहेत. नफ्यापासून निघून बँकेतल्या शिलकीपर्यंत पायरीपायरीने नेणारा जो कागद असतो, त्याला रोख प्रवाह पत्रक म्हणतात. ऑफिसात सगळे त्याला ‘कॅश फ्लो’च म्हणतात.

हे पत्रक दोन पद्धतींनी करता येतं. ग्राहकांकडून किती आले, पुरवठादारांना किती गेले, पगारावर किती गेले, असं एकेक करून मांडलं तर ती प्रत्यक्ष पद्धत. अप्रत्यक्ष पद्धतीत नफ्याचा आकडा हाती घ्यायचा आणि त्यातला जो भाग रोखीचा नाही तो दुरुस्त करत जायचं. आपल्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ‘सेबी’च्या नियमांनुसार ही अप्रत्यक्ष पद्धतच वापरावी लागते. त्यासाठी दोन वर्षांचे ताळेबंद आणि मधल्या वर्षाचं नफा-तोटा पत्रक एवढं समोर असलं की बहुतेक काम होतं. आपल्या कारखान्याचे ताळेबंद असे आहेत (आकडे लाख रुपयांत):

| | ३१ मार्च २०२४ | ३१ मार्च २०२५ |
|---|---|---|
| यंत्रं व इमारत (घसारा वजा जाता) | ९० | ११८ |
| मालाचा साठा | ३० | ४४ |
| ग्राहकांकडून येणं | ३६ | ५८ |
| रोख व बँक शिल्लक | १४ | ५ |
| एकूण मालमत्ता | १७० | २२५ |
| भागभांडवल | ६० | ६० |
| राखीव निधी | ४० | ५४ |
| मुदत कर्ज | ४६ | ८० |
| पुरवठादारांचं देणं | २१ | २९ |
| द्यायचा राहिलेला कर | ३ | २ |
| एकूण भांडवल व देणी | १७० | २२५ |

नफा-तोटा पत्रकात विक्री ३०० लाख आहे. कच्चा माल, पगार, वीज वगैरे खर्च २५४ लाख, घसारा १२ लाख आणि व्याज ६ लाख. एक जुनं यंत्र विकून २ लाखांचा नफा झाला, तो धरून करपूर्व नफा ३० लाख. त्यातून ८ लाख कर गेला की २२ लाख उरतात.

आता एक गंमत पाहा. रोख सोडून बाकीची मालमत्ता वर्षभरात ६४ लाखांनी वाढली. भांडवल आणि देणी मिळून वाढली ५५ लाखांनी. जेवढा पैसा आला त्याहून ९ लाख जास्त अडकले, म्हणून शिल्लक ९ लाखांनी उतरली. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, त्यामुळे हा हिशेब जुळतोच. ‘उणे ९’ हे उत्तर पत्रक करायला बसण्याआधीच माहीत असतं. खरा प्रश्न असतो तो हे ९ लाख कुठून गेले हा, आणि त्यासाठी ६४ आणि ५५ हे दोन गठ्ठे सोडवून धंदा, गुंतवणूक आणि भांडवल-कर्ज अशा तीन भागांत वाटावे लागतात.

सुरुवात करपूर्व नफ्यापासून, म्हणजे ३० लाखांपासून. त्यात १२ लाखांचा घसारा मिळवायचा. घसारा मिळवतात म्हणून तो पैसा मिळवून देतो, असा समज विद्यार्थ्यांतच नव्हे, चांगल्या मुरलेल्या व्यापाऱ्यांतही आढळतो. घसाऱ्यातून एक रुपयाही येत नाही. नफा काढताना तो वजा झाला होता, पण त्यासाठी कुणाला चेक दिला नव्हता, एवढ्याचसाठी तो परत मिळवायचा. व्याजाचे ६ लाखही मिळवायचे, कारण ते पुढे कर्जाच्या भागात स्वतंत्र दाखवायचे आहेत. यंत्रविक्रीवरचे २ लाख वजा करायचे, कारण विक्रीची पूर्ण रक्कम गुंतवणुकीच्या भागात येणार आहे. झाले ४६ लाख.

पुढची पायरी खेळत्या भांडवलाची. ग्राहकांकडून येणं ३६ वरून ५८ लाखांवर गेलं. विक्री ३०० लाखांची झाली खरी, पण त्यात आधीचं येणं ३६ मिळवून शेवटचं ५८ वजा केलं तर हातात आले २७८ लाख. उरलेले २२ लाख अजून ग्राहकांच्याच खिशात आहेत, म्हणून ते वजा. साठा १४ लाखांनी वाढला, म्हणजे तेवढे पैसे गोदामात पडून आहेत, तेही वजा. पुरवठादारांचं देणं ८ लाखांनी वाढलं, म्हणजे तेवढे द्यायचे थांबवले, ते मिळवायचे. ४६ मधून २८ गेले, उरले १८. कराचा खर्च ८ लाख असला तरी आधीचे ३ लाख धरून आणि आता बाकी असलेले २ लाख सोडून प्रत्यक्ष भरले ९ लाख. ते काढले की धंद्यातून आलेली रोख ९ लाख.

सगळ्यात जास्त चुका यंत्रांच्या आकड्यात होतात, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. ताळेबंदात ९० चे ११८ झालेले दिसतात आणि हात आपोआप २८ लिहून जातो. पण त्या दोन आकड्यांच्या मध्ये वर्षभरात तीन घटना घडल्या आहेत. घसाऱ्याने १२ लाख कमी झाले. जुनं यंत्र ६ लाखांना विकलं आणि त्यावर नफा २ लाख, म्हणजे पुस्तकात त्याची किंमत ४ लाख होती, तीही गेली. ९० मधून १६ वजा केले तर ७४ राहतात. वर्षअखेर ११८ दिसायचे तर नवी खरेदी ४४ लाखांची झाली असली पाहिजे. कागदाच्या कोपऱ्यात यंत्रांचं हे खातं मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गुंतवणुकीत ४४ गेले, ६ आले, निव्वळ उणे ३८. यंत्र ६ लाखांना विकलं ही माहिती ताळेबंदात नसते, ती खतावणीतूनच घ्यावी लागते.

उरलं भांडवल आणि कर्ज. राखीव निधीत ४० अधिक २२ असे ६२ व्हायला हवे होते, झाले ५४. मधले ८ लाख लाभांशाचे. कर्ज ३४ लाखांनी वाढलं, पण बँकेचा उतारा सांगतो की नवं ४४ लाख घेतलं आणि १० लाख फेडले. पत्रकात नुसते ३४ न लिहिता हे दोन्ही आकडे वेगळे लिहायचे. व्याज ६ लाख भरलं. म्हणजे ४४ आले, १०, ६ आणि ८ गेले, निव्वळ अधिक २०. आता ९ मधून ३८ वजा आणि २० अधिक, उत्तर उणे ९. चौदाचे पाच झाले.

इथे पोचल्यावर पेन खाली ठेवायचा मोह होतो. पण जुळण्याला किती अर्थ आहे ते पाहा. समजा, कुणी यंत्रांचं खातं मांडलंच नाही. घसारा मिळवला नाही, यंत्रविक्रीचा नफा वजा केला नाही आणि खरेदी सरळ २८ लाख लिहिली. मग धंद्यातली रोख येते उणे १, गुंतवणूक उणे २८, कर्ज-भांडवल अधिक २०. बेरीज? उणे ९. दुसऱ्या कुणी घसारा मिळवला, पण यंत्रविक्री विसरला आणि खरेदी ४० लाख धरली. त्याची धंद्यातली रोख ११, गुंतवणूक उणे ४०, आणि बेरीज पुन्हा उणे ९. तिघांची पत्रकं जुळली. एकाच्या मते धंदा रोख खातो आहे, दुसऱ्याच्या मते ११ लाख देतो आहे. एका भागात झालेली चूक दुसऱ्या भागात उलट चिन्हाने येते आणि शेवटच्या ओळीला तिचा पत्ताही लागत नाही.

ही चूक मुरलेल्या हातूनही होते ती पुरवठादारांच्या देण्यात. वाढलेल्या ८ लाखांपैकी ५ लाख जर नव्या यंत्राच्या विक्रेत्याचे राहिले असतील, तर ते कच्च्या मालाचं देणं नाही. ते खेळत्या भांडवलातून काढून यंत्रखरेदीतून वजा करायला हवेत, म्हणजे यंत्रासाठी प्रत्यक्ष गेले ३९ लाख. मग धंद्यातली रोख ९ वरून ४ वर येते. एकूण उत्तर तेच. धंद्याचं चित्र मात्र पार बदलतं. ते टाळायचं तर देणेकऱ्यांची यादी नावानिशी वाचावी लागते, दुसरा उपाय नाही.

आणि पायाच खोटा असला तर? ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. शिल्लक ताळेबंदातून उचलायची असते, त्यामुळे खोट्या शिलकीवरही पत्रक तितक्याच नीटपणे जुळतं. म्हणून शिलकीची खात्री ऑडिटरने कंपनीच्या हातून आलेल्या दाखल्यावर न ठेवता थेट बँकेकडून पत्र मागवून करायची असते.

आपल्या कारखान्याची शिल्लक खरी आहे असं धरू आणि पत्रक वाचू. धंद्याने दिले ९ लाख. त्याच वर्षी कर्जाचे हप्ते १० लाख आणि व्याज ६ लाख, मिळून १६ लाख भरायचे होते. म्हणजे बँकेचं देणंसुद्धा धंद्याच्या रोखीतून भागलं नाही, आणि त्यावर ८ लाखांचा लाभांश दिला गेला. तो पैसा खरं तर नव्या कर्जातून आणि जुन्या शिलकीतून गेला. २२ लाखांच्या नफ्याकडे बघून लाभांश ठरवणाऱ्या संचालकांना हे नफा-तोटा पत्रकात कधीच दिसलं नसतं.

नवी यंत्रं घेतल्याच्या वर्षी असं होणं लगेच धोक्याचं नाही. पुढच्या हंगामात पाइप जास्त निघतील, साठा विकला जाईल, हप्ते सुटतील, असंही होऊ शकतं. ते होणार की नाही हे ठरवणारा कागद वेगळा आहे. ग्राहकांकडच्या ५८ लाखांची वयवार यादी मागवावी. त्यातलं बरंचसं येणं फेब्रुवारी-मार्चच्या विक्रीचं असेल तर ते एप्रिल-मेमध्ये जमा होईल. सहा महिन्यांच्या वरची नावं त्यात ठळक दिसली, तर त्यांच्यासाठी नफ्यातूनच तरतूद काढावी लागेल, आणि मग २२ लाखांचा तो आकडाही तितका राहणार नाही.