वारा बोटीला धक्क्यापासून लांब ढकलतोय, मग बोट लावायची कशी?

वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर पुढचा-मागचा दोर बांधेपर्यंत बोट धक्क्यापासून लांब जाते. अशा वेळी कामाला येतो स्प्रिंग दोर.

आधी प्रवाहाकडे तोंड करून यायचं. समोरून 2 नॉटचा प्रवाह असेल आणि बोटही पाण्यातून 2 नॉटने चालत असेल, तर धक्क्यावरून पाहणाऱ्याला ती जागेवरच उभी दिसते. तरी सुकाणूवरून पाणी वाहत असल्यामुळे ती वळवता येते.

मग बोटीच्या पुढच्या भागातला दोर मागच्या दिशेला, धक्क्यावरच्या खुंट्याला अडकवायचा. इंजिन हळू पुढे आणि बोट धक्क्यापासून दूर वळेल असं सुकाणू. दोर बोटीला पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिनाचा जोर मागचा भाग धक्क्याकडे आणतो. बोट चिकटून राहिली, की बाकीचे दोर निवांत बांधता येतात.

यात सगळा दाब पुढच्या फेंडरवर येतो. तो आधीच योग्य उंचीवर लटकवलेला नसेल, तर बोट थेट दगडाला घासते.

आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीच उभं राहू नका. तुटलेला दोर चाबकासारखा मागे येतो.