अक्षरं की अक्षरांचा फोटो?

गावच्या वाचनालयाची जुनी स्मरणिका पुन्हा छापायची होती. एका सदस्याने १४४ पानांची पीडीएफ पाठवली आणि म्हणाला, “सगळं टाइप केलेलंच आहे, फक्त कॉपी करायचं.” पडद्यावर सगळी पानं एकसारखी दिसत होती. पण पीडीएफ ही पेटी आहे. तिच्यात अक्षरं ठेवता येतात तसे पानांचे फोटोही ठेवता येतात, आणि डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर शोधण्याआधी मी त्या फाइलच्या तीन चाचण्या घेतल्या.

पहिली चाचणी पान मोठं करून पाहण्याची. अॅडोब रीडरमध्ये पान १६०० टक्क्यांपर्यंत मोठं केलं. संपादकीयातल्या ‘क’च्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या झाल्या आणि भोवती राखाडी ठिपके दिसू लागले. म्हणजे तो स्कॅन होता. मधल्या लेखातली अक्षरं मात्र कितीही मोठी केली तरी धारदारच राहिली.

पण धारदार अक्षर म्हणजे मजकूर असेलच असं नाही. म्हणून दुसरी चाचणी: एक ओळ माउसने निवडायची, कॉपी करायची आणि नोटपॅडमध्ये चिकटवायची. नुसती निळी पट्टी उमटली म्हणून थांबू नये. काही नवे ब्राउझर आणि संगणक फोटोतली अक्षरं स्वतःच ओळखून ती निवडू देतात. शिवाय स्कॅन केलेल्या पानामागे कुणीतरी आधीच ओळखलेल्या मजकुराचा अदृश्य थर ठेवलेला असू शकतो. त्या थरात चुका असल्या तरी वरच्या फोटोत त्या दिसत नाहीत. नोटपॅडमध्ये काय उतरलं, तेच खरं.

आमच्या स्मरणिकेत इथे गंमत झाली. एका लेखातलं ‘मराठी’ कॉपी केलं, तर नोटपॅडमध्ये `ejkBh` असं उमटलं. फाइल बिघडलेली नव्हती. तो लेख कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. युनिकोड रुळण्याआधीच्या अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांनाच देवनागरीचे आकार चढवलेले असत. `e`च्या जागी ‘म’ दिसतो, `j`च्या जागी ‘र’. मजकूर खरा आहे, फक्त वेगळ्या लिपीचा वेश घेऊन बसला आहे.

जाहिरातींची पानं आणखी निराळी निघाली. अक्षरं धारदार, पण ओळ निवडताच येईना. छापखान्यात फॉन्टचा घोळ होऊ नये म्हणून डिझायनर मजकुराचे ‘कर्व्ह’ करून देतात, तसंच इथे झालं होतं. तिथे अक्षर उरतच नाही, त्याची नुसती रेषाकृती उरते.

तिसरी चाचणी खात्री करून घेण्यासाठी. रीडरमध्ये `Ctrl+D` दाबलं की फाइलची माहिती उघडते. तिच्यातल्या `Fonts` या भागात एकही नाव नसेल, तर पानांवर फोटो किंवा रेषाच आहेत. `Kruti Dev` सारखं नाव दिसलं, तर जुन्या फॉन्टचा संशय पक्का होतो. पण ही यादी साऱ्या फाइलची असते, एकेका पानाची नव्हे. म्हणून सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं पान वेगवेगळं तपासावं. आमच्या फाइलमध्ये पहिलं पान पाहून निर्णय घेतला असता, तर सारंच चुकलं असतं.

निदान झाल्यावर औषध ठरलं. स्कॅनच्या आणि कर्व्ह केलेल्या पानांसाठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, आणि त्याला भाषा मराठी आहे हे सांगणं आवश्यक. कृतिदेवच्या लेखांना ओसीआर लावणं म्हणजे हातात असलेला मजकूर टाकून देऊन पुन्हा अंदाजाने वाचणं. त्यांना फॉन्ट-परिवर्तक पुरतो, मात्र तो नेमका त्याच फॉन्टसाठीचा हवा.

युनिकोडमधली पानं थेट कॉपी करता येतात, पण डोळे झाकून नव्हे. पीडीएफमध्ये अक्षरं बऱ्याचदा दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असतात, त्यामुळे ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी जाऊन बसते, रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात. म्हणून चाचणीसाठी ‘घर’, ‘काम’ असे सोपे शब्द घेऊ नयेत. ‘वर्षातील’, ‘स्थापित’, ‘निर्मिती’ असे वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं असलेले शब्द घ्यावेत. ते नोटपॅडमध्ये धड उतरले, तर पानावर भरवसा ठेवायला हरकत नाही. अशा शब्दांची मोडतोड फारच होत असेल, तर मजकूर खरा असूनही ओसीआर बरा पडतो.

आमच्या १४४ पानांचे शेवटी तीन गठ्ठे झाले आणि प्रत्येकाला वेगळं साधन लागलं. तपासणीला लागली जेमतेम दहा मिनिटं. “सगळं टाइप केलेलंच आहे” हे त्या सदस्याचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. टाइप केलेलं होतंच, फक्त काही पानांवर त्या टाइपाचा फोटो उरला होता.