कात्री कापड चावते तेव्हा

जॉर्जेटचा तुकडा कात्रीत धरावा आणि तो कापला जाण्याऐवजी दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसावा, कात्री उघडली की चुरगळलेला, अर्धवट तुटलेला बाहेर यावा, हे शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक घराच्या परिचयाचे आहे. अशा वेळी ‘धार गेली’ असे म्हणून कात्री थेट धारवाल्याकडे पाठवली जाते. माझे म्हणणे असे की, हा निदानाचा क्रमच उलटा आहे. कापड चावणाऱ्या कात्रीत आधी दोन पात्यांमधला संपर्क तपासावा, म्हणजे मधला स्क्रू बघावा, आणि धारेकडे त्यानंतर वळावे. संपर्क बिघडलेल्या कात्रीला कितीही धार लावली तरी ती चावतच राहते. वर दर खेपेला पात्यातले थोडे पोलाद कायमचे जाते ते वेगळेच.

याचे कारण कात्रीच्या घडणीत आहे. सुरी एकटी कापते, कात्रीचे एक पाते एकटे जवळजवळ काहीच कापत नाही. दोन्ही पाती एकमेकांना घासून जातात त्या एका बिंदूपाशी कापड तुटते आणि कात्री मिटत जाईल तसा तो बिंदू स्क्रूकडून टोकाकडे सरकतो. म्हणूनच चांगल्या कात्रीची पाती मुद्दाम किंचित वाकवलेली असतात आणि त्यांची आतली बाजू जराशी खोलगट घासलेली असते. मिटलेली कात्री कडेने उजेडासमोर धरली तर टोके टेकलेली आणि मध्ये उजेडाची बारीक फट दिसते. ती फट पाहून कात्री बिघडली असे समजू नये. त्या वाकामुळेच पाती मिटताना स्प्रिंगसारखी एकमेकांवर दाबली जातात आणि कापणाऱ्या बिंदूपाशी अंतर उरत नाही. स्क्रू सैल झाला की हा दाब ओसरतो आणि पाती एकमेकांपासून बाजूला सरकतात. पातळ कापडाची जाडी एक-दोन दशांश मिलिमीटर असते. तेवढ्या जागेत ते सहज वाकून शिरते आणि तुटण्याऐवजी घडी होऊन अडकते.

इथे पहिला आक्षेप येतो तो असा की, तीच कात्री कागद तर छान कापते, मग स्क्रू सैल कसा? कागद ताठ असतो. पात्यांमध्ये थोडी फट असली तरी तो तिच्यात वाकून शिरत नाही, म्हणून तुटतो. जाड मांजरपाटही बऱ्याच अंशी तसाच वागतो. तेव्हा कागदावर केलेली परीक्षा कापडाच्या कात्रीबद्दल फारसे काही सांगत नाही. शिवाय कागदात खडूसारखी खनिजे मिसळलेली असतात आणि ती धार झिजवतात, म्हणजे ही परीक्षा वरचेवर घेणे महागच पडते. खरी परीक्षा अस्तराच्या किंवा जॉर्जेटच्या एकेरी तुकड्यावर घ्यावी आणि स्क्रूपासून अगदी टोकापर्यंत एका दमात कापून पाहावे.

दोष स्क्रूचा की धारेचा हे ओळखण्याची एक युक्ती मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. उजव्या हाताच्या माणसाने कापताना अंगठा तळव्यापासून दूर ढकलावा आणि बोटे तळव्याकडे ओढावीत. या पिळाने पाती एकमेकांवर जास्त दाबली जातात. असे केल्यावर कापड स्वच्छ कापले गेले, तर धार शाबूत आहे आणि दोष स्क्रूचा आहे. तरीही चावले, तर धार बघायला हवी. चावणे दर वेळी पात्याच्या एकाच जागी होत असेल, तर तिथे खाच पडलेली असते, बहुधा टाचणीवर कात्री चालवल्याने किंवा ती फरशीवर पडल्याने. कात्री सावकाश मिटली तर त्या जागी हाताला बारीक झटका जाणवतो. (डावखुऱ्या माणसाच्या हातात नेहमीची कात्री गेली की पीळ उलट बसतो आणि पाती फाकतात. त्याची तक्रार स्क्रूने सुटत नाही. त्याला पात्यांची मांडणी उलट असलेली, डाव्या हाताचीच कात्री हवी.)

आता एक उदाहरण घेऊ. मेरठची, पितळी मुठीची, दहा इंची शिंप्याची कात्री आहे. मांजरपाट ती कापते, पण अस्तर टोकाकडच्या दोन-तीन इंचांत चावते, आणि अंगठ्याने पीळ दिला की सुधारते. म्हणजे काम स्क्रूचे. आधी पाती पूर्ण उघडून सांध्यातला कापडाचा भुसा काढावा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, चारदोनदा उघडझाप करून तेल पुसून घ्यावे. मग एक मूठ धरून कात्री आडवी ठेवावी, दुसरी मूठ काटकोनाइतकी उचलून सोडून द्यावी. सैल कात्री खटकन पूर्ण मिटते, फार आवळलेली जागेवरच राहते. योग्य कात्री साधारण दोन-तृतीयांश मिटून आपोआप थांबते. आपली कात्री खटकन मिटली, तर खाचेत नीट बसणारा रुंद पेचकस घेऊन स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाइतकाच आवळावा, पुन्हा सोडून पाहावे, मग अस्तर कापून पाहावे. मागे नट असेल तर तो पान्याने धरून ठेवावा, नाहीतर दोन्ही एकत्र फिरतात. स्क्रूऐवजी रिव्हेट असेल, तर त्याचे एक डोके लोखंडावर टेकवून दुसऱ्यावर हलके ठोके द्यावेत, आणि दर ठोक्यानंतर तपासावे, कारण जास्त बसलेले रिव्हेट सैल करणे फार अवघड असते.

मग स्क्रू घट्टच आवळून का ठेवू नये? पाती एकमेकांना खरवडतात, धार लवकर जाते आणि दिवसभर कापणाऱ्याचा अंगठा दुखू लागतो. जेवढ्या दाबाला अस्तर टोकापर्यंत कापले जाते तेवढाच दाब पुरे.



स्क्रू बसवूनही कापड चावले, तरच दगड घ्यावा. कात्रीची धार बाहेरच्या बाजूच्या अरुंद उतारावर असते आणि घासायचा तो उतारच. त्यावर मार्करची शाई फासावी, बारीक दगड त्याच कोनात टेकवून स्क्रूकडून टोकाकडे, एकाच दिशेने, सलग हात फिरवावा. शाई धारेपर्यंत सारखी निघाली की कोन बरोबर आहे. कडेवरच उरली तर दगड फार आडवा धरला आहे. बोथट धार दिव्याखाली पांढऱ्या रेषेसारखी चमकते. ती रेषा नाहीशी झाली की थांबावे. तोवर आतल्या बाजूला पोलादाची सूक्ष्म किनार उलटलेली असते. ती काढायला आतली बाजू दगडावर पूर्ण सपाट टेकवून एखादा हलका हात पुरतो. दगड जरासा जरी कलला तरी आतल्या बाजूची कड गोल होते, दोन धारा एकमेकींना भेटत नाहीत आणि जी फट स्क्रूने घालवली तीच कायमची तयार होते. वेगाने फिरणाऱ्या सहाणेवर आतली बाजू घासून आणलेली कात्री म्हणूनच चकाकते आणि तरी चावते. त्यात पात्यावर निळसर डाग दिसला तर तिथले पोलाद तापून मऊ पडले आहे आणि तिथे धार टिकणार नाही.

सँडपेपर किंवा ॲल्युमिनियमची फॉइल कापून धार येते, असे अनेकजण सांगतात आणि थोडा फरक त्यांना खरेच दिसतो. फॉइल कापताना कडेची उलटलेली किनार सरळ होते, चिकटलेला मळ निघतो. सँडपेपर मात्र कोनाची पर्वा न करता धारेची कड ओरबाडतो. त्या ओरखड्यांत जाड कापड काही दिवस पकडले जाते, पण अस्तराचे आणि जॉर्जेटचे धागे त्यांत अडकून ओढले जातात.