*एक लिटर दूध घरात कितीला पडतं? एका गायीचा पूर्ण हिशोब*

मानवत भागात दुधाचा हिशोब विचारला की बहुतेक जण ढेप आणि डॉक्टरचा खर्च सांगतात. घरचा चारा, घरची मेहनत आणि गायीची दरवर्षी उतरणारी किंमत त्यात धरलेली नसते. आज हे सगळं धरून हिशोब करू. खाली उदाहरणाला धरलेले भाव आहेत. तुम्ही तुमचे भाव टाका, पद्धत हीच ठेवा.

*हिशोब महिन्याचा नाही, वेताचा करा*
भर दुधातला महिना धरला तर धंदा नफ्यात दिसतो. भाकड काळात गाय खातेच, दूध मात्र देत नाही. म्हणून एका वितापासून पुढच्या वितापर्यंतचे सगळे दिवस धरा.

आपली गाय संकरित आहे, ८०,००० रुपयांना घेतलेली. ४०० दिवसांनी पुन्हा विते. ३०० दिवस दुधात, १०० दिवस भाकड. विकणाऱ्यानं "१६ लिटरची" म्हणून दिली, पण तो आकडा भर दुधातला. वासराचं सोडून सरासरी १० लिटर, म्हणजे वेताला ३,००० लिटर दूध.

*चारा-खुराक*
दुधातल्या गायीला रोज:
▪️ हिरवा चारा २० किलो × २ रु. = ४०
▪️ कडबा, सोयाबीनची गुळी ५ किलो × ६ रु. = ३०
▪️ सरकी ढेप व पशुखाद्य ५ किलो × ३० रु. = १५०
▪️ खनिज मिश्रण = ५
एकूण २२५ रुपये. ३०० दिवसांचे ६७,५००.
भाकड गायीला रोज १३० धरले तर १०० दिवसांचे १३,०००.
चारा-खुराक मिळून *८०,५००*.
चारा घरचा असला तरी फुकट नाही. विकला असता तर जो भाव आला असता, तो लावा.

*मजुरी*
चार गायींचा गोठा असेल तर धारा, शेण, चारा कापणं, दूध घालायला जाणं मिळून गायीमागे रोज एक तास धरू. ८ तासांची मजुरी ४०० म्हणजे तासाला ५०. ४०० दिवसांचे *२०,०००*. काम घरची बाई करत असली तरी धरायचे.

*गायीची घसारा*
ही गाय चार वेत देईल आणि शेवटी २०,००० ला जाईल असं धरू. मधले ६०,००० रुपये चार वेतांतल्या दुधातूनच निघाले पाहिजेत. एका वेतावर *१५,०००*. हे पैसे बाजूला पडले नाहीत, तर पुढची गाय कर्जानंच घ्यावी लागते.

*बाकीचं*
औषध, जंतनाशक, रेतन, विमा ६,०००. गोठा, वीज, पाणी, भांडी ४,०००.

एकूण १,२५,५००. शेणखताचे ५,००० वजा केले तर १,२०,५००. भागिले ३,००० लिटर, म्हणजे *लिटरमागे साधारण ४० रुपये*. वासराची किंमत धरलेली नाही. कालवड झाली तर फायदा, गोऱ्हा झाला तर बहुतेक खर्चच.

याच गायीची फक्त ढेप, खनिज मिश्रण आणि औषधपाणी धरलं तर लिटर २० रुपयांना पडल्यासारखं वाटतं. फसगत होते ती इथं.

ऑक्टोबर २०२४ पासून राज्य सरकारनं गायीच्या ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या दुधाला संघाकडून २८ आणि अनुदान ७, असे ३५ रुपये ठरवले होते. या हिशोबात ३५ चा भाव मिळाला तर १,०५,००० येतात. मजुरी सोडून खर्च १,००,५००. उरले ४,५००. म्हणजे ४०० तासांच्या मेहनतीला *तासाला ११ रुपये*.

*खर्च कुठं कमी होतो?*
दुधाचा भाव आपल्या हातात नाही. पण या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आहेत.

१) *माज चुकू देऊ नका.* भाकड गायीचा रोजचा खर्च खुराक १३० आणि मजुरी ५०, मिळून १८०. एक माज हुकला की २१ दिवस वाढतात, म्हणजे ३,७८० रुपये. लिटरमागे सव्वा रुपया. सकाळ-संध्याकाळ गाय बघा: सोट, हंबरणं, दूध अचानक कमी होणं, दुसऱ्या गायीवर चढणं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतनानंतर गाय उलटली नाही म्हणजे गाभण आहेच असं नाही. दोन-तीन महिन्यांत डॉक्टरकडून तपासून घ्या.

२) *गाय जास्त वेत टिकवा.* हीच गाय दोन वेतांतच काढावी लागली तर घसारा १५,००० वरून ३०,००० होते. लिटर ५ रुपयांनी महाग. गाय लवकर निघते ती बहुतेक दगडीमुळं किंवा उलटत राहिल्यामुळं. धार काढण्याआधी पहिल्या दोन पिळा काळ्या कपड्यावर घ्या. गुठळी किंवा पाण्यासारखं दूध दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. धार झाल्यावर सड औषधात बुडवा आणि गायीला अर्धा तास बसू देऊ नका, म्हणून तेव्हाच वैरण टाका.

*आजच करा:* प्रत्येक गायीचं वहीत एक पान करा. विल्याची तारीख, माजाची व रेतनाची तारीख, आटवल्याची तारीख आणि आठवड्यातून एक दिवस मोजलेलं दूध लिहा. वेत संपलं की वरच्या पद्धतीनं भागाकार करा. कोणती गाय गोठा चालवते आणि कोणती गोठ्यावर जगते, ते पानावरच दिसेल.