बाळाच्या पाठीवर निळं काय?

न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी बाळाला पायांवर पालथं घातलं, पाणी ओतलं आणि त्यांचा हात थांबला. कमरेच्या खाली, थेट ढुंगणापर्यंत, निळसर-राखाडी डाग! लगेच चौकशी सुरू. बाळ पडलं का? कुणी घट्ट धरलं होतं? सगळे मग घरातल्या सगळ्यात लहान संशयिताचं, म्हणजे दादाचं, नाव घेतात. दादा बिचारा तेव्हा शाळेत होता!

दादाला सोडवायचं असेल तर मुका मार कसा दिसतो ते आठवा. तुमच्या नडगीला लागलेला मार घ्या. मार बसला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साकळतं. आधी लालसर, मग जांभळं-निळं. पुढे शरीर त्या रक्ताची साफसफाई करायला घेतं, तसा रंग हिरवट आणि मग पिवळट होतो. हा पिवळा रंग बिलिरुबिनचा. नवजात बाळाला कावीळ होते तेव्हा त्याची कातडी यानंच पिवळी दिसते. साधारण दोन आठवड्यांत सगळं पुसलं जातं. शिवाय तिथे बोट लावलं की तुम्ही ओरडता.

बाळाच्या डागाला हात लावा, बाळ ढिम्म! सूज नाही, दुखणं नाही. आज निळा, पुढच्या सोमवारी निळा, महिन्यानेही तेवढाच निळा. हिरवा-पिवळा होतच नाही. म्हणजे तिथे साकळलेलं रक्त नाहीच. मग आहे काय?

मेलॅनिन. आपल्या केसांना काळा आणि कातडीला सावळा रंग देणारं तेच मेलॅनिन. ते तर तपकिरी-काळं असतं, मग निळं का दिसतं? याचं उत्तर कदाचित आजीच्या हातावर असेल. जुनं गोंदण बघा. गोंदणारी बाई काजळीसारखा काळा रंग सुईने टोचायची, पण हातावर दिसतं ते निळं-हिरवट. काळा रंग कातडीत खोल गेला की असं होतं. उजेडातला तांबडा भाग कातडीत खोलवर शिरतो आणि तिथला काळा रंग त्याला गिळून टाकतो. निळा भाग इतका खोल जातच नाही. वाटेतल्या बारीक तंतूंवर आपटून, विखरून तो बराचसा बाहेर परततो. आपल्या डोळ्यांना मग त्या जागी निळाच जास्त मिळतो. तीळ मात्र तपकिरी दिसतो, कारण त्यातलं मेलॅनिन अगदी वरच्या थरात असतं.

बाळाला तर कुणी गोंदलेलं नाही. मग मेलॅनिन एवढं खोल गेलं कसं? खरं तर ते गेलं नाही, वर यायचं राहिलं. बाळ आईच्या पोटात असताना रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने प्रवासाला निघतात आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कातडीच्या वरच्या थरात पोचतात. काही पेशी वाटेत, खालच्या थरातच मुक्काम ठोकतात. तोच हा डाग. आपल्याकडे कुणी म्हणेल, आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून ही खूण उमटली. कोरियात सांगतात, जन्माची देवी असलेल्या आजीने ‘चल, बाहेर पड!’ म्हणून बाळाच्या ढुंगणावर चापटी मारली, तिचाच हा वण. मला कोरियातली आजी जास्त आवडते, पण कारण पेशींचं आहे. भारत, चीन, जपान, आफ्रिका इथल्या पुष्कळ बाळांना असे डाग असतात. गोऱ्या बाळांत ते कमी दिसतात.

म्हणूनच युरोप-अमेरिकेत कधी कधी मोठा घोटाळा झाला आहे. डाग ओळखता न आल्याने, बाळाला घरात मारतात की काय, असा संशय आईवडिलांवर घेतला गेला. यावर सोपा उपाय आहे: जन्मानंतरच्या तपासणीतच डॉक्टर डागाची जागा आणि आकार बाळाच्या फायलीत लिहून ठेवतात. पुढे शंका आली, की फाईल उघडायची.

पण फायलीत नसलेला डाग अचानक दिसला, तो दुखत असला, सुजला किंवा रंग बदलत असला, तर तो मुका मारच असू शकतो. जे बाळ अजून कुशीवरही वळत नाही, त्याला असा मार लागलेला दिसला तर लगेच डॉक्टरांकडे न्यायचं. डाग खूप मोठे असले, पोटावरही पसरलेले असले, तरीही एकदा दाखवायचं. क्वचित त्यामागे जन्मजात आजार असतो.

बाकीच्या डागांना औषध नाही, मलम नाही. खोलवरच्या त्या पेशी हळूहळू नाहीशा होतात, आणि बाळ शाळेत जायला लागेपर्यंत बहुतेक डाग फिके पडून दिसेनासे होतात. तुमच्याही पाठीवर एखादा होता का, ते आईला किंवा आजीला विचारा.