तिसरीच्या वर्गात शब्दकोश

शब्दकोशातील शब्द अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने लावलेले असतात. तिसरीच्या मुलांना वर्णमाला पाठ असते. पण ती म्हणता येणे वेगळे आणि वापरता येणे वेगळे. 'थ' आधी की 'ध', असे विचारताच मूल 'क'पासून पुटपुटू लागले, तर त्याचा क्रम अजून जिभेवरच आहे असे समजावे. म्हणून पहिल्या तासाला कोश उघडत नाहीत. एखाद्या अक्षराच्या अलीकडचे-पलीकडचे अक्षर सांगणे, आणि 'क' ते 'म' ही पंचवीस व्यंजने पाच ओळींत फळ्यावर लिहून 'त'ची ओळ 'प'च्या ओळीआधी येते हे डोळ्यांत बसवणे, एवढेच त्या तासाला पुरते.

खरी अडचण त्यानंतर, मात्रांपाशी येते. 'कमळ', 'कागद', 'किडा', 'कोल्हा' आणि 'क्रम' ही शब्दकार्डे क्रमाने लावायला दिली, तर बरीच मुले 'कागद' सर्वांत आधी ठेवतात. पहिले अक्षर 'क' सारखेच, मग दुसरे 'ग' आणि 'म' पाहायचे, असा त्यांचा हिशोब असतो. तो चुकतो, कारण पुढच्या अक्षराकडे जाण्याआधी पहिल्या अक्षराची मात्रा पाहावी लागते. 'क'ची सगळी बिनमात्रेची कुटुंबे संपल्यावर 'का' सुरू होतो. म्हणून 'कळ'सुद्धा 'कागद'च्या आधी. 'क्रम' हा शब्द मुले 'कमळ'शेजारी ठेवतात, पण पाय मोडलेल्या 'क्'ची जोडाक्षरे 'कौ'नंतर येतात, त्यामुळे तो सर्वांत शेवटी जातो. पाठ असलेली बाराखडी इथे प्रथमच कामाला येते: आधी बाराखडीतले घर शोधायचे, मगच शेजारचे अक्षर.

अनुस्वाराबाबत मात्र एकच नियम सांगून चालत नाही. काही कोश 'कं'चे शब्द 'क'च्या आरंभी देतात, काही बाराखडीप्रमाणे शेवटी. 'क्ष', 'ज्ञ' आणि 'ळ' यांच्या जागाही बदलतात. वर्गात जो कोश आहे त्यातली पद्धत आधी शिक्षकाने पाहून ठेवावी, हे बरे.

क्रम जमला तरी शब्द सापडेलच असे नाही, कारण पुस्तकातला शब्द आणि कोशातला शब्द बहुधा एकसारखे नसतात. पुढचे वाक्य घ्या: 'कोळ्याने जाळ्यात अडकलेल्या लहान माशाला पुन्हा पाण्यात सोडले.' यात 'कोळ्याने' हा शब्द कोशात नाही. 'ने' काढले की 'कोळ्या' उरते, तेही नाही; मूळ शब्द 'कोळी'. 'सोडले'साठी 'सोडणे' शोधावे लागते. 'गेला'सारख्या क्रियापदाचे मूळ 'जाणे' हे तर सांगितल्याशिवाय कळणारच नाही.

सर्वांत फसवे रूप 'माशाला'. प्रत्यय काढून 'माशा' शोधणाऱ्या मुलाची नजर जवळच्याच 'माशी'वर पडते आणि ते तिचा अर्थ उतरवून मोकळे होते. 'माशी'चे रूप 'माशीला' होते. 'माशाला'चा मूळ शब्द 'मासा', आणि 'स' असल्यामुळे तो थोडा पुढे मिळतो. रूप बदलताना 'स'चा 'श' होणे 'ससा–सशाने' यातही दिसते. म्हणून शब्द न सापडल्यास वर्गात एक प्रश्न विचारायची सवय लावतात: 'हा एक असेल तर आपण काय म्हणू?' एक मासा, एक कोळी, एक जाळे, अशी उत्तरे तोंडून सहज येतात. सामान्यरूप ही संज्ञा या वयात लागत नाही.

आता 'कोळी' शोधायचा. पानाच्या माथ्यावर त्या पानाचा पहिला आणि शेवटचा शब्द छापलेला असतो. तिथे समजा 'कोल्हा' आणि 'कौल' आहेत. 'को'ची घरे 'कौ'आधी आणि 'ल'नंतर 'ळ', म्हणजे शब्द याच पानावर असणार. सगळे पान वाचत बसायची गरज नाही.

शब्द सापडला की दोन अर्थ समोर येतात: मासे पकडणारा, आणि जाळे विणणारा आठ पायांचा जीव. मुले सहसा पहिला अर्थ लिहून वही मिटतात. वरच्या वाक्यात तो योगायोगाने बरोबरही ठरतो. पण ज्या मुलाने 'माशी' धरली आहे त्याला दुसरा अर्थ अगदी चपखल वाटेल, कारण जाळ्यात माशी अडकतेच. इथे अर्थ वाक्यात घालून पुढे वाचायला लावतात. आठ पायांच्या कोळ्याने माशीला 'पुन्हा पाण्यात' का सोडावे? 'पाण्यात' या शब्दापाशी वाचन अडखळते आणि मूल मागे वळून 'माशाला'चे मूळ पुन्हा तपासते. 'मासा' सापडल्यावर त्याखाली सोने तोलण्याच्या जुन्या वजनाचाही अर्थ असू शकतो. वाक्यात घातला की तो आपोआप गळतो.

उच्चारावरून शोधताना एक वेगळी अडचण उरते. 'दिवा' ऐकून मूल 'दी'मध्ये पाहते, शब्द मिळत नाही, आणि तो कोशात नाहीच असे ते ठरवते. ऱ्हस्व-दीर्घ, तसेच 'श-ष' आणि 'न-ण' या जोड्यांची दोन्ही घरे पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणायचे नाही, असा वर्गाचा नियम असावा.